लग्नाच्या साड्यांचे दुकान आणि महिनावार रोख अंदाजपत्रक

प्रश्न : आमचे लग्नाच्या साड्यांचे दुकान आहे. सीझनला बस्ते चांगले होतात, वर्षाअखेर हिशेबात नफाही दिसतो, पण ऐन सीझनच्या तोंडावर व्यापाऱ्यांचे चेक वटवायला खात्यात पैसे नसतात. महिनावार येणाऱ्या-जाणाऱ्या पैशांचा अंदाज, म्हणजे कॅश बजेट, आमच्यासारख्या दुकानाने नेमके कसे मांडावे?

उत्तर : कापड दुकानांचे हिशेब पाहणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. तुम्हाला नियम सांगत बसण्यापेक्षा बार्शीतल्या एका दुकानाची गोष्ट सांगतो, कारण त्या दुकानाची अडचण तुमच्यासारखीच होती आणि तिचा उलगडा कागदावर कसा होत गेला हे पाहिले, की पद्धत आपोआप समजते. दुकान एक बाई चालवतात. बाजारपेठेत सगळे त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन. आकडे सोयीसाठी सरळ केले आहेत.

वहिनींच्या दुकानात नवरीचा शालू, पैठणी, हळदीची साडी, मानपानाच्या साड्या आणि आहेराचे गठ्ठे असा संपूर्ण बस्ता मिळतो. एका ऑगस्टमध्ये त्या माझ्याकडे आल्या त्या बँकेचे पासबुक आणि मागच्या वर्षीचे नफा-तोटा पत्रक घेऊनच. पत्रकात नफा होता आणि पासबुकात मागच्या नोव्हेंबरात दोन चेक परत गेल्याची नोंद होती. त्यांचा प्रश्न साधा होता. "साहेब, नफा झालाय म्हणता, मग तो गेला कुठं?"

नफा कुठे गेला हे त्या पत्रकातूनच काढता येत होते, पण त्यासाठी ते रोखीच्या नजरेने वाचावे लागते. पत्रकात कर्जाचे फक्त व्याज खर्च म्हणून दिसते, हप्त्यातली मुद्दल दिसत नाही. वहिनींनी घरखर्चासाठी गल्ल्यातून उचललेले पैसे त्यात येत नाहीत. कपाटात पडून असलेल्या शालूंचे पैसे तर व्यापाऱ्याला देऊन झालेले असतात, पण साडी विकली जाईपर्यंत ती खर्चाच्या बाजूला येत नाही, शिल्लक माल म्हणूनच राहते. उलट फर्निचरचा घसारा खर्चात दिसतो, पण घसाऱ्यापोटी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. शिवाय विक्री बिल फाडल्याच्या दिवशी नोंदली जाते, मग नवरीच्या मामाने उरलेले पैसे तूर विकल्यावर जानेवारीत दिले तरी. वर्षाचा नफा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात खात्यात असलेले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोख अंदाजपत्रक फक्त दुसऱ्या गोष्टीचा विचार करते : कोणत्या महिन्यात प्रत्यक्ष किती पैसे हातात येतील आणि किती हातातून जातील.

मी त्यांना एक कोरा तक्ता दिला आणि सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांचे रकाने आखून घरी भरायला सांगितले. त्यांनी तो लगेच भरून आणला, आणि त्यानुसार त्यांच्याकडे पैसेच पैसे होते. जवळजवळ प्रत्येक जण पहिला तक्ता असाच भरतो, म्हणून त्यात काय चुकले होते ते सांगतो. त्यांनी जमेच्या बाजूला त्या-त्या महिन्याची विक्री लिहिली होती, वसुली नव्हे. बस्ता ठरवताना घेतलेला इसार एका महिन्यात धरला होता आणि माल नेण्याच्या महिन्यात बिलाची संपूर्ण रक्कम पुन्हा धरली होती, त्यामुळे इसाराचे पैसे दोनदा जमा झाले होते. घरखर्चाची ओळच नव्हती. "ते काय दुकानाचं नाही," असे त्या म्हणाल्या. पैसे मात्र त्याच गल्ल्यातून जात होते.

आम्ही पुन्हा सुरुवात केली, ती बिलबुकांपासून. अंदाजपत्रकाचा सगळा भार एका गोष्टीवर असतो : विकलेल्या शंभर रुपयांपैकी किती रुपये कधी हातात येतात. ते आठवणीतून सांगू नये. वहिनींच्या मुलाने मागच्या हंगामातील बस्त्यांची बिले काढली आणि प्रत्येक बिलासमोर इसाराची तारीख, माल नेल्याची तारीख आणि शेवटची रक्कम मिळाल्याची तारीख लिहिली. वहिनींची समजूत होती की बहुतेक लोक माल नेतानाच पैसे देतात. बिलांनी वेगळे सांगितले. ढोबळमानाने २० टक्के रक्कम आदल्या महिन्यात इसार म्हणून, ५० टक्के माल नेताना आणि उरलेली ३० टक्के त्यानंतरच्या महिन्यात येत होती.

मग विक्रीचा अंदाज. इथे मागच्या वर्षीचे आकडे तसेच उतरवून चालत नाही, कारण आपला धंदा इंग्रजी महिन्यांवर नव्हे तर मुहूर्तांवर चालतो. चातुर्मासात बस्ते जवळपास बंद असतात, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आणि कार्तिकी द्वादशी इंग्रजी तारखेनुसार दरवर्षी पुढे-मागे होते. त्यामुळे आधी पंचांग उघडून प्रत्येक महिन्यातील विवाहमुहूर्त मोजायचे आणि मग मागच्या हंगामात मुहूर्तामागे किती बस्ते बांधले गेले ते पाहायचे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बस्ता लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी नेला जातो, कारण ब्लाउज शिवायचे असतात आणि फॉल-पिको करायचे असते, म्हणून डिसेंबरच्या मुहूर्तांचे पैसे बऱ्याच अंशी नोव्हेंबरात दिसतात.

वहिनींचा विक्रीचा अंदाज असा ठरला : ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये प्रत्येकी २ लाख, दिवाळीमुळे ऑक्टोबरमध्ये ४ लाख, नोव्हेंबरमध्ये ६ लाख, डिसेंबरमध्ये १० लाख, जानेवारीत ६ लाख आणि फेब्रुवारीत ९ लाख. आता नोव्हेंबरची वसुली कशी काढायची ते पाहा. डिसेंबरच्या १० लाखांचा २० टक्के इसार म्हणजे २ लाख, नोव्हेंबरच्याच ६ लाखांपैकी निम्मे म्हणजे ३ लाख आणि ऑक्टोबरच्या ४ लाखांची राहिलेली ३० टक्के रक्कम म्हणजे १ लाख २० हजार, असे एकूण ६ लाख २० हजार रुपये. विक्री ६ लाख आणि वसुली ६ लाख २० हजार हे दोन आकडे इथे योगायोगाने जवळ आले आहेत. डिसेंबरमध्ये विक्री १० लाख असूनही हातात ८ लाखच येतात.

खर्चाच्या बाजूची मोठी ओळ खरेदीची. इथेही बिलाची तारीख नव्हे, पैसे देण्याची तारीख धरायची. वहिनींचे पुरवठादार तीन प्रकारचे होते. येवल्याच्या विणकरांना पैठणीची ऑर्डर देतानाच निम्मी रक्कम द्यावी लागत असे, कारण हातमागावर एकेक पैठणी उतरायला काही आठवडे, आणि भरजरी असेल तर काही महिने लागतात. सीझनला हव्या त्या रंगात पैठणी हवी असेल, तर पैसे पावसाळ्यातच सुटतात. सुरतेचा आहेराचा माल महिनाभराच्या उधारीवर येत असे. बनारसी शालूंसाठी दोन महिने पुढच्या तारखेचे चेक दिलेले असत, आणि तेच चेक नेमके नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वटायला येत.

बाकीच्या ओळी सोप्या होत्या. भाडे, पगार, वीज आणि फॉल-पिको करणाऱ्या बायकांची मजुरी मिळून महिना ६० हजार, ऑक्टोबरात दिवाळीच्या बोनससह ९० हजार. घरखर्च ४० हजार. कर्जाचा हप्ता मुद्दल आणि व्याज धरून २५ हजार. जीएसटीची रक्कम लहान होती, पण तिची वेळ समजून घ्यावी. नेहमीच्या पद्धतीने कर भरणाऱ्या दुकानदाराला मालाच्या इसारावर जीएसटी भरावा लागत नाही, बिल झाल्यावर लागतो. मासिक विवरणपत्र असेल तर तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा असतो, मग गिऱ्हाईकाने बिलातले पैसे राहते ठेवले असोत वा नसोत. म्हणून डिसेंबरच्या मोठ्या विक्रीचा कर जानेवारीच्या रकान्यात येतो.

सगळे एकत्र मांडल्यावर तक्ता असा झाला. आकडे हजार रुपयांत आहेत.

| | सप्टें. | ऑक्टो. | नोव्हें. | डिसें. | जाने. |
|---|---|---|---|---|---|
| सुरुवातीची शिल्लक | २२० | १३० | −१३० | −२७५ | −५५ |
| वसुली | २४० | ३८० | ६२० | ८०० | ७८० |
| खरेदीचे पैसे | २०० | ४८० | ६४० | ४५० | ३२० |
| दुकानखर्च | ६० | ९० | ६० | ६० | ६० |
| घरखर्च | ४० | ४० | ४० | ४० | ४० |
| कर्जाचा हप्ता | २५ | २५ | २५ | २५ | २५ |
| जीएसटी | ५ | ५ | ० | ५ | २० |
| अखेरची शिल्लक | १३० | −१३० | −२७५ | −५५ | २६० |

एका महिन्याची अखेरची शिल्लक हीच पुढच्या महिन्याची सुरुवातीची शिल्लक. वहिनी शेवटची ओळ बराच वेळ पाहत होत्या. जानेवारीअखेर २ लाख ६० हजार शिल्लक दिसते, म्हणजे धंदा तोट्यात नाही. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीनही महिने खाते उणे आहे, आणि परत गेलेले चेक याच काळातले होते. विक्री कमी होती म्हणून ते परत गेले नव्हते. माल आधी घ्यावा लागतो आणि पैसे नंतर येतात, या मधल्या अंतराची सोय कोणी केलीच नव्हती.

त्या म्हणाल्या, "म्हणजे बँकेकडनं पावणेतीन लाख मागायचे?" तक्ता तसे सुचवतो खरा, पण महिन्याच्या तक्त्यात एक गोष्ट झाकली जाते. महिनाअखेरची शिल्लक उणे २ लाख ७५ हजार असली, तरी महिन्याच्या मधल्या कोणत्याही दिवशी ती त्याहून खाली गेलेली असू शकते. म्हणून ज्या महिन्यात शिल्लक सर्वात कमी दिसते, तेवढाच महिना पंधरवड्यांत किंवा आठवड्यांत फोडून पाहावा. वहिनींच्या नोव्हेंबरात पहिल्या पंधरवड्यात बनारसचे चेक धरून खरेदीपोटी ४ लाख २० हजार जायचे होते. भाडे, पगार, घरखर्च आणि हप्ता मिळून १ लाख २५ हजारही त्याच पंधरवड्यात जाणार होते. म्हणजे एकूण ५ लाख ४५ हजार बाहेर, आणि आत येणार फक्त २ लाख २० हजार, कारण माल नेण्याची गर्दी तुळशीच्या लग्नाच्या आसपास, महिन्याच्या उत्तरार्धात होती. सुरुवात उणे १ लाख ३० हजारांनी धरली, तर १५ नोव्हेंबरला खाते उणे ४ लाख ५५ हजार होते. महिनाअखेरीस ते पुन्हा उणे २ लाख ७५ हजारांवर येते, पण चेक काही महिनाअखेरपर्यंत थांबत नाही.

त्यावर आम्ही किमान शिल्लक म्हणून ५० हजार ठेवायचे ठरवले. एखादे लग्न मोडले किंवा पुढे ढकलले गेले, तर इसार परत करावा लागतो, आणि अंदाज थोडाफार चुकतोच. त्यामुळे शून्यापर्यंत जाणारे अंदाजपत्रक मी कधीच मान्य करत नाही. या हिशेबाने वहिनींना नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सुमारे ५ लाखांची सोय लागणार होती. हे त्यांना ऑगस्टमध्येच कळले होते, आणि हीच या सगळ्या खटाटोपाची खरी किंमत आहे. हाताशी दोन महिने होते.

कर्जाचा विचार करण्याआधी तक्त्यातल्या ओळी हलवता येतात का ते पाहायचे. आम्ही तीन ओळी हलवल्या.

पहिली ओळ सुरतेच्या मालाची. आहेराच्या साड्या सीझनला लागतात म्हणून वहिनी सप्टेंबरातच सगळा माल भरत असत. त्याऐवजी त्यांनी दोन खेपा केल्या आणि दुसरी खेप नोव्हेंबरात, बस्ते किती ठरले ते पाहून मागवली. त्यामुळे १ लाख रुपये ऑक्टोबरऐवजी डिसेंबरात द्यायचे झाले. याची किंमतही आहे. दुसऱ्या खेपेत नेमके चालू रंग मिळतीलच असे नाही, आणि ऐन सीझनला भाव थोडा चढा लागतो. आहेराच्या साडीत ते चालते. नवरीच्या शालूत चालत नाही, म्हणून शालूंच्या ऑर्डरीला आम्ही हात लावला नाही.

दुसरी ओळ बनारसच्या चेकांची. दीड लाखांच्या चेकांवर नोव्हेंबरच्या सुरुवातीऐवजी डिसेंबरच्या मध्याची तारीख घालावी, अशी विनंती वहिनींनी चेक देण्याआधी, माल ठरवतानाच केली. व्यापाऱ्याने ती मानली, कारण ती सप्टेंबरात केली होती आणि सोबत कोणत्या तारखेला पैसे मिळतील हे ठामपणे सांगितले होते. चेक बँकेत भरायच्या आदल्या दिवशी केलेल्या फोनला असे उत्तर मिळत नाही. शिवाय खात्यात पैसे नसल्यामुळे चेक परत गेला, तर परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी प्रकरण होऊ शकते. मात्र उधारी लांबवायला एक मर्यादा आहे. माल देणारा स्वतः उत्पादक असेल, त्याची उद्यम नोंदणी असेल आणि तो सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असेल, तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असे थकलेले देणे प्राप्तिकराच्या हिशेबात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून धरले जाते. येवल्याचे नोंदणीकृत विणकर या नियमात येऊ शकतात, नुसती खरेदी-विक्री करणारा घाऊक व्यापारी येत नाही. वहिनींचा बनारसचा पुरवठादार व्यापारी होता, म्हणून त्याची तारीख हलवली. विणकरांचे पैसे ठरल्या दिवशीच दिले. नियम नसता तरी मी तोच सल्ला दिला असता, कारण मागावर बसलेल्या माणसाला उधारी परवडत नाही.

तिसरी ओळ इसाराची. वहिनींनी नोव्हेंबरपासून नेल्या जाणाऱ्या बस्त्यांसाठी इसार २० टक्क्यांवरून ३० टक्के केला. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल ही त्यांची भीती खरी होती, म्हणून अंदाजपत्रकात आम्ही निम्मेच लोक जास्त इसार देतील असे धरले. त्यामुळे ऑक्टोबरात ३० हजार आणि नोव्हेंबरात ५० हजार जास्त येणार होते, त्यातले २५ हजार पहिल्या पंधरवड्यात. इथे एक सावधगिरी हवी. जास्त इसार म्हणजे जास्त उत्पन्न नव्हे. जे पैसे आधी आले ते नंतर येणार नाहीत, म्हणून उशिरा येणाऱ्या वसुलीतून तेवढीच रक्कम कमी करावी लागते. जानेवारीत तर या बदलाने ५ हजार रुपये कमीच येणार होते.

या तीन बदलांनंतर ऑक्टोबरअखेर खाते शून्यावर आले. १५ नोव्हेंबरचा खड्डा ४ लाख ५५ हजारांवरून १ लाख ५० हजारांवर आला. नोव्हेंबरअखेर ५५ हजार आणि डिसेंबरअखेर २५ हजार शिल्लक दिसू लागली. किमान शिल्लक धरून आता २ लाखांची सोय पुरेशी होती, ५ लाखांची नव्हे.

त्या २ लाखांसाठी वहिनी सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात बँकेत गेल्या आणि हंगामापुरती कॅश क्रेडिटची मर्यादा मागितली. सोबत हा तक्ता होता. पैसे कधी लागतील आणि कधी परत जमा होतील हे त्यात महिन्यावार लिहिले होते, त्यामुळे शाखाधिकाऱ्यांचे प्रश्न थोडक्यात आटोपले. तुम्ही असा अर्ज करणार असाल, तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. दुकानात २० लाखांचा माल आहे म्हणून त्यावर बँक पैसे देईल असे नसते. ज्या मालाचे पैसे अजून व्यापाऱ्याला द्यायचे आहेत तो वजा करून, उरलेल्या मालावर आपले मार्जिन राखून बँक उचल करू देते, आणि त्यासाठी दर महिन्याला मालाचे विवरणपत्र द्यावे लागते. ज्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दुकान उधारीच्या मालाने भरलेले असते, त्याच वेळी उचलीची मर्यादा अपेक्षेपेक्षा लहान निघते. त्यामुळे मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम हे दोन्ही आकडे विचारून घ्यावेत.

अंदाजपत्रक तयार झाले म्हणजे काम संपले असे नाही, हे डिसेंबरात कळले. वहिनींचा मुलगा दर शनिवारी दुकान बंद झाल्यावर प्रत्येक ओळीसमोर प्रत्यक्ष आकडा लिहीत असे. नोव्हेंबरच्या विक्रीतले राहिलेले दीड लाख रुपये डिसेंबरात यायचे होते. २० डिसेंबरपर्यंत त्यातले थोडेच आले होते आणि महिनाअखेरपर्यंत ८० हजारच आले. ७० हजार कमी पडले, म्हणजे अपेक्षित २५ हजारांच्या शिल्लकेऐवजी खाते उणे ४५ हजार झाले. कॅश क्रेडिटची मर्यादा हाताशी होती, म्हणून एकही चेक परत गेला नाही.

तफावत दिसल्यावर ती कोणत्या ओळीत आहे एवढेच शोधून थांबू नये, कोणाकडून आहे तेही पाहावे. वहिनींनी राहिलेल्या पैशांची यादी काढली, तेव्हा त्यातली बहुतेक नावे शेतकरी कुटुंबांची निघाली. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास येऊन संपले होते आणि तूर अजून बाजार समितीत आली नव्हती. ही माणसे पैसे बुडवणारी नव्हती. त्यांचे पैसे येण्याचा महिनाच वेगळा होता. आपले ३० टक्क्यांचे गणित संपूर्ण हंगामाच्या सरासरीतून आले होते, आणि सरासरीत नोकरदार व शेतकरी एकत्र मिसळले होते. तेव्हापासून त्या तक्त्यात वसुलीच्या दोन ओळी करतात. नोकरदारांची बाकी पुढच्याच महिन्यात धरतात आणि शेतकऱ्यांची बाकी त्यांच्या हाती पिकाचे पैसे येतात त्या महिन्यात. बस्ता ठरवतानाच त्या आता विचारून घेतात, "बाकीचं तुरीवर देणार का उसाच्या बिलावर?" आणि उत्तर बिलबुकाच्या कोपऱ्यात लिहितात. तुमचे दुकान शहरात असेल तर ही विभागणी वेगळी होईल, पण ती असणारच. कोण कधी पैसे देतो हे बिलबुके तपासल्याशिवाय ठरवू नका.

दर महिना संपला की वहिनी तक्त्यातला तो रकाना काढतात आणि शेवटी एक नवा महिना जोडतात, त्यामुळे पुढचे पाच महिने नेहमी समोर असतात. जानेवारीचा रकाना काढून त्यांनी जूनचा जोडला, तेव्हा दुसरी एक गोष्ट दिसली. मेअखेर शिल्लक चांगली मोठी होती. पूर्वी अशा वेळी त्या दुकानात नवे शोकेस घेत किंवा जास्तीचा माल भरत. पण जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या चातुर्मासाच्या महिन्यांत विक्री प्रत्येकी २ लाखांच्या आसपासच राहते. त्यांच्या धंद्यात विक्रीच्या ३० टक्के हाती उरतात असे धरले, तर महिन्याला ६० हजार होतात, आणि दुकानखर्च, घरखर्च व हप्ता मिळून लागतात १ लाख २५ हजार. दर महिन्याला ६५ हजार कमी पडतात, म्हणजे तीन महिन्यांत १ लाख ९५ हजार. त्यात येवल्याच्या ऑर्डरीची आगाऊ रक्कम, साधारण ६० हजार, मिळवली की अडीच लाखांच्या वर जाते. तेवढे पैसे त्यांनी मे महिन्यातच मुदत ठेवीत ठेवले, आणि उरलेल्या पैशांतून किती खर्च करता येईल ते त्यानंतर ठरवले.

तुम्ही उन्हाळ्याचे अंदाजपत्रक करताना अधिक मास आणि गुरु-शुक्राचा अस्त आधी पाहून घ्या. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. या काळात सहसा विवाहमुहूर्त नसतात, त्यामुळे २०२५ च्या मे महिन्याचे विक्रीचे आकडे २०२६ च्या रकान्यात उतरवले, तर जमेची बाजू फुगेल आणि त्या भरवशावर मागवलेले शालू कपाटातच राहतील. अधिकात लेकी-जावयांना वाण देण्याची पद्धत आहे, म्हणून साड्यांची किरकोळ विक्री थोडी होते, आणि ती रोखीची असते. ती वेगळ्या ओळीत धरावी. बस्त्यांची खरेदी मात्र अशा वर्षी मेच्या पहिल्या पंधरवड्यापुरती आणि १५ जूननंतर देवशयनी एकादशीपर्यंतच्या मुहूर्तांपुरती, अशी दोन भागांत बांधावी, आणि व्यापाऱ्याला द्यायच्या चेकांच्या तारखाही त्याच दोन भागांप्रमाणे मागाव्यात.